हळद शेवटी, वरात आधी: लग्नाच्या फुटेजमधला वेळेचा घोळ आणि एका रात्रीत तो कसा सुटला

लक्षण नेहमीचंच. मिक्सिंगला आलेलं फुटेज तारखेनुसार लावलं की वरात आधी येते आणि हळद शेवटी. एका कॅमेऱ्यात नवरदेव अजून पारावर आहे आणि घड्याळ बघाल तर त्याच मिनिटाला दुसऱ्या कॅमेऱ्यात नवरी माप ओलांडतेय. नावानुसार लावायला जावं तर C0001 नावाच्या तीन फाइली. कसाबसा क्रम लागला आणि मंगलाष्टकांवर दोन कॅमेरे जुळवले, की पाच मिनिटांनी भटजींचे ओठ एकीकडे आणि आवाज दुसरीकडे.

लग्नसराईत हे दर आठवड्याला कुणाकडे ना कुणाकडे होतं, आणि बहुतेक जण ते हाताने सरकवून सरकवून मिटवतात. चार क्लिप असतील तर तसं चालतंही. शंभरावर क्लिप आल्या आणि सकाळी माल द्यायचा असला की हाताने सरकवणारा माणूस पहाटेपर्यंत हळदीतच अडकतो. बार्शीतल्या ज्या स्टुडिओत मी अल्बमची पानं लावतो, तिथे मिक्सिंगचं काम वहिनी बघतात. दादा शूटिंगला बाहेर असतात, मशीनवर वहिनी. मागच्या लग्नसराईत त्यांनी असाच एक गुंता रातोरात सोडवला. तो कसा सोडवला ते क्रमाने सांगतो, कारण त्यांनी टाइमलाइनला हात लावला तोच मुळी मध्यरात्र उलटल्यावर.

वैरागकडचा एक शूटिंगवाला पोरगा रात्री साडेनऊला हार्डडिस्क घेऊन आला. त्याचा नेहमीचा मिक्सिंगवाला आजारी पडला होता. नवरदेवाचा मोठा भाऊ दुबईला असतो, तो सकाळी साडेनऊला पुण्याला निघणार आणि त्याला पेनड्राइव्ह सोबत न्यायचाय.

"वहिनी, कलर नको, गाणी नकोत, टायटल नको. लग्न सरळ दिसलं पाहिजे फक्त."

"कार्डं आणलीस का?"

"कार्डं फॉरमॅट मारली. दुसऱ्या दिवशी लगेच ऑर्डर होती ना."

वहिनी काही बोलल्या नाहीत. डिस्क लावली. आत `New folder`, `New folder (2)`, `lagna`, `lagna final` आणि `card 2 video`. पहिलं काम म्हणजे सगळा माल, जवळपास २१० जीबी, स्वतःच्या डिस्कवर उतरवून घेणं. पोराचा जीव वरखाली होत होता, पण कार्डं पुसलेली असताना एकुलत्या एका कॉपीवर काम करायला वहिनी तयार होईनात. पाऊणएक तास गेला त्यात. तेवढ्यात त्यांनी लग्नपत्रिका मागून घेतली आणि पोराला प्रश्न विचारत बसल्या: कॅमेरे किती, कोण कुठे उभा होता, बॅटऱ्या कधी बदलल्या, कार्ड कधी भरलं. उत्तरं पत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूला.

त्यातून निघालं ते असं. एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे दोन कॅमेरे. पहिला मांडवाच्या मागच्या टोकाला स्टँडवर, झूम लावून. दुसरा स्टेजवर, हातात. पहिल्याची दोन कार्डं झाली, दुसऱ्याचं एकच मोठं कार्ड. शिवाय नवरीच्या मामेबहिणीच्या मोबाईलवरचा एक व्हिडिओ. नवरीच्या आजीने स्वतः एक मंगलाष्टक म्हटलं होतं, आजीच्या शेजारी उभी असलेली ही एकटीच मुलगी होती आणि दोन्ही कॅमेऱ्यांत त्या वेळी फक्त स्पीकरची घरघर होती. घरच्यांना आजीचा आवाज हवा होता.

आता पहिला गुंता, नावांचा. हे कॅमेरे नव्या कार्डावर नंबर पुन्हा C0001 पासून सुरू करतात. म्हणजे दोन कॅमेरे असले तरी, आणि एकाच कॅमेऱ्याची दोन कार्डं असली तरीही, तीच ती नावं. सगळं एका फोल्डरमध्ये ओतलं की विंडोज विचारतं, जुनी ठेवू की बदलू. पोराने कुठे दोन्ही ठेवल्या, त्यांच्या नावापुढे `(2)` लागलं. कुठे घाईत वगळल्या. नावावरून कॅमेरा ओळखायचा मार्ग बंद.

पण कॅमेऱ्याचा सिरियल नंबर या फाइलींच्या पोटात असतो. सोनीच्या अशा एमपी४ क्लिपसोबत कार्डावर एक एक्सएमएल फाइल बनते, ती शूटिंगवाले बहुधा कॉपीच करत नाहीत. तीच माहिती क्लिपच्या आतही लिहिलेली असते आणि एक्झिफटूल नावाचं फुकट मिळणारं साधन ती वाचतं. वहिनींनी उतरवून घेतलेल्या सगळ्या मालाची यादी एका ओळीत काढली:

```
exiftool -csv -r -FileName -DeviceSerialNo -CreationDateValue -CreateDate -Duration D:\lagna > yadi.csv
```

ही यादी एक्सेलमध्ये उघडली, सिरियल नंबरवर लावली, की दोन कॅमेरे दोन ढिगांत वेगळे. मोबाईलच्या फाइलीत सिरियल नंबरचा रकाना रिकामा राहतो, म्हणून तीही आपोआप बाजूला. ज्यांच्याकडे दुसऱ्या कंपनीचे कॅमेरे आहेत त्यांना हे रकाने कदाचित रिकामे दिसतील. मग आधी एकाच फाइलीवर नुसतं `exiftool C0001.MP4` चालवून बघावं की आत काय काय लिहिलंय. मॉडेलचं नाव तरी बहुधा सापडतं.

यादीतले दोन वेळेचे रकाने बघून पोरगा चक्रावला. एकाच क्लिपची वेळ `CreationDateValue` मध्ये `12:38:05+05:30`, तर `CreateDate` मध्ये `07:08:05`. दोन्ही बरोबर आहेत. दुसरी वेळ ग्रिनिचची आहे, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. मोबाईलही फाइलीत हीच ग्रिनिचची वेळ लिहितात. काही कॅमेरे मात्र त्याच जागी सरळ स्थानिक वेळ टाकून देतात. म्हणून ज्यांच्याकडे मोबाईलचं फुटेज मिसळलेलं असतं त्यांच्याकडे दुपारचं लग्न सकाळी सातला लागलेलं दिसतं. फरक बरोबर साडेपाच तासांचा निघाला, तर घड्याळ बिघडलेलं नाही हे समजून जावं आणि तेवढे मिळवून पुढे सरकावं.

या मोबाईलच्या फाइलीत आणखी एक गंमत होती. नाव `VID_20250514_123850.mp4`, म्हणजे १२:३८:५०. आत `CreateDate` मात्र `07:22:55`. साडेपाच तास मिळवले की १२:५२:५५ होतात. चौदा मिनिटांचा फरक कसला? क्लिपच १४ मिनिटं ५ सेकंदांची आहे. बऱ्याच अँड्रॉइड मोबाईलमध्ये नावात सुरुवातीची वेळ असते आणि आत रेकॉर्डिंग संपल्याची. दोन्ही जुळले, म्हणजे ही फाइल मूळ आहे, कुणी व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेली नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फाइलीचं नाव `VID-20250514-WA0012.mp4` असं असतं, त्यात वेळ नाहीच आणि चित्रही पिळून निघालेलं. अशी फाइल आली की पार्टीकडून मूळ फाइल केबलने किंवा डॉक्युमेंट म्हणून पुन्हा मागवावी. त्याला पर्याय नाही.

आता खरा गुंता. पहिल्या कॅमेऱ्याचं घड्याळ ठीक होतं. दुसऱ्याच्या सगळ्या क्लिप १ जानेवारीच्या, आणि वेळा अशा:

```
C0010.MP4   02:19:04
C0011.MP4   02:47:30
C0012.MP4   00:06:51
C0013.MP4   00:22:10
...
C0017.MP4   02:31:40
...
C0024.MP4   03:20:43
C0025.MP4   00:03:18
```

बहुतेक जण इथे एक चूक हमखास करतात. घड्याळ चुकलंय, ठीक आहे, एक फरक काढू आणि सगळ्या क्लिपना लावू. तो फरक मुहूर्ताला बरोबर बसतो आणि वरातीला साफ चुकतो. मग मिक्सिंगवाला म्हणतो, मेटाडेटा काही कामाचा नाही, आणि हाताने सरकवायला बसतो.

यादी नीट बघा. नंबर चढत जातात, पण वेळ दोनदा मागे उडी मारते: C0011 नंतर आणि C0024 नंतर. कॅमेऱ्याच्या आत घड्याळासाठी एक छोटी बॅटरी असते. ती मेली की मोठी बॅटरी काढल्याबरोबर घड्याळ शून्यावर जातं. नवी बॅटरी घातल्यावर कॅमेरा तारीख विचारतो, आणि मांडवात कुणाला वेळ आहे? ओके दाबून माणूस पुढे जातो. म्हणजे या कॅमेऱ्याचं घड्याळ दर बॅटरीला नव्याने सुरू झालंय. तीन बॅटऱ्या, तीन तुकडे, आणि प्रत्येक तुकड्याचा फरक वेगळा.

वहिनींनी दुसऱ्या कॅमेऱ्याचा ढीग वेळेवर न लावता नंबरवर लावला. त्याचं कार्ड एकच असल्याने नंबरांवर विश्वास ठेवता येत होता. जिथे वेळ मागे गेली तिथे यादीत आडवी रेघ. रेघा मारताना C0005 ते C0007 या तीन क्लिप गायब असल्याचंही त्यांच्या लक्षात आलं.

"मधल्या तीन कुठायत रे?"

पोराने गाडीच्या डिकीतून लॅपटॉप आणला. डेस्कटॉपवर आणखी एक `New folder`, त्यात त्या तीन. कार्डं पुसून झाल्यावर असं नशीब दरवेळी साथ देत नाही.

आता प्रत्येक तुकड्याचा फरक काढायचा. त्यासाठी दोन्ही कॅमेऱ्यांना दिसलेला एक क्षण लागतो. पत्रिकेवर मुहूर्त दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांचा छापलेला. तो धरून चालणार नाही, हे महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको. शेवटच्या 'सावधान'नंतर वाजंत्री कडाडली तो क्षण पहिल्या कॅमेऱ्यात शोधला. क्लिप १२:३८:०५ ला सुरू, आत १४ मिनिटं २ सेकंदांवर अक्षता. म्हणजे १२:५२:०७. दुसऱ्या कॅमेऱ्यात C0017 सुरू झाली त्याच्या घड्याळाने ०२:३१:४० ला आणि आत ६ मिनिटं १० सेकंदांवर अक्षता. म्हणजे ०२:३७:५०. वजाबाकी केली की १० तास १४ मिनिटं १७ सेकंद.

हा आकडा नुसता फरक नाही. घड्याळ शून्यापासून सुरू झालं असेल, तर बॅटरी घातली तीच ही वेळ: सकाळी सव्वादहा.

"सव्वादहाच्या सुमाराला बॅटरी बदललीस का?"

"नाष्टा झाल्यावर. हो, साधारण तेव्हाच." पोरगा आता खुर्चीत सावरून बसला.

पण एका क्षणावर काढलेला फरक दुसऱ्या क्षणावर तपासल्याशिवाय वापरायचा नाही. C0024 च्या अगदी सुरुवातीलाच सप्तपदीचं पहिलं पाऊल आहे, ती क्लिप ०३:२०:४३ ला सुरू. त्यात फरक मिळवला की १३:३५:००. पहिल्या कॅमेऱ्यात तीच हालचाल १३:३५:०१ ला. एक सेकंदाचा फरक चालतो, कारण फाइलीत वेळ पूर्ण सेकंदातच लिहिलेली असते. तो एक सेकंद नसून एक मिनिट निघाला असता, तर कुठलातरी क्षण चुकीचा धरलाय असं समजून फरक पुन्हा काढावा लागला असता.

तिसऱ्या तुकड्यासाठी नवरी गाडीत बसतानाचा क्षण धरला. पहिल्या तुकड्यासाठी काहीच धरलं नाही. त्यात नवरीकडची हळद होती, आदल्या संध्याकाळची, आणि पहिला कॅमेरा तेव्हा नवरदेवाच्या गावी होता. दोघांनी एकच प्रसंग टिपला नसेल तर सेकंद जुळवून करायचं काय? हळद मुहूर्ताच्या आधी आली आणि तिच्या आत नंबर ओळीने आले की झालं. जिथे जुळवायची गरजच नाही तिथे जुळवत बसणं, हा मिक्सिंगवाल्यांचा मोठा वेळखाऊ रोग आहे.

एक्सेलमध्ये शेवटी खऱ्या वेळेचा एक रकाना तयार झाला. फाइलींना नवी नावं दिली: आधी खरी वेळ, मग कॅमेऱ्याचं अक्षर, मग जुनं नाव. `123805_A_C0034`, `124557_B_C0017`. आता नावावर लावलं तरी लग्न सरळ दिसत होतं. घड्याळात साडेबारा.

मग एडियस उघडलं, २५ फ्रेमची टाइमलाइन. मेटाडेटावरून क्लिप एखाद्या सेकंदाच्या आत जागेवर येतात, पण ओठ जुळायला फ्रेमची अचूकता लागते, आणि २५ फ्रेमला एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद. इथून पुढे आवाज जुळत नाही अशी तक्रार आली की वहिनी एकच प्रश्न विचारतात: फरक कायम आहे, वाढत जातोय, की मध्येच उडी मारतोय? सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी अशा तीन जागी बघायचं. कायम असेल तर नुसतं सरकवायचं. वाढत असेल तर वेगाचा दोष. उडी असेल तर मधला काही भाग गायब आहे. या लग्नात तिन्ही प्रकार होते.

कायम फरक होता तो दोन कॅमेऱ्यांत. आवाजाची लाट लाटेवर बसवली, वाजंत्रीचा पहिला दणका तंतोतंत जुळला, तरी चित्रं दोन फ्रेमने पुढेमागे. पोरगा म्हणाला सॉफ्टवेअरचा दोष. दोष हवेचा. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे एका फ्रेमच्या वेळात साडेतेरा मीटर. मागच्या टोकाचा कॅमेरा स्टेजपासून पंचवीस-तीस मीटरवर होता, त्याला दणका दोन फ्रेम उशिरा ऐकू गेला. आवाजावर जुळवलं की चित्र तेवढं चुकतं.

म्हणून वहिनी आवाजावर जवळपास आणतात आणि शेवटचं फोटोग्राफरच्या फ्लॅशवर बसवतात. उजेडाला मांडव ओलांडायला वेळ लागत नाही. एक-एक फ्रेम पुढे नेत गेलं की अचानक एका फ्रेमला चित्राचा वरचा किंवा खालचा पट्टाच पांढरा झालेला दिसतो. पूर्ण फ्रेम उजळत नाही, कारण हे सेन्सर चित्र वरून खाली ओळीओळीने वाचतात आणि फ्लॅश त्या मधेच लागून विझतो. कधी पट्टा दोन फ्रेममध्ये विभागून येतो, तेव्हा पहिली फ्रेम धरायची.

पण तो नेमका तोच फ्लॅश कशावरून? फोटोग्राफर काही ठेक्यात क्लिक करत नाही. इथे पहिल्या फ्लॅशनंतर दुसरा ३ सेकंद ४ फ्रेमने, तिसरा त्यानंतर १ सेकंद ११ फ्रेमने, चौथा थेट सात सेकंदांनी. ही अंतरं दोन्ही कॅमेऱ्यांत सारखी आली की शंकेला जागा उरत नाही. क्लिपला आवाज नसला तरी ही युक्ती चालते. एका फ्रेमचा फरक मात्र राहू शकतो, कारण दोन कॅमेऱ्यांच्या फ्रेम एकाच क्षणी सुरू होत नाहीत. तो डोळ्याला कळत नाही.

उडी होती पहिल्या कॅमेऱ्याच्या कार्ड बदलण्यावर. आधीच्या मिक्सिंगवाल्याने थोडं काम करून ठेवलं होतं, त्यात पहिल्या कार्डाची शेवटची क्लिप आणि दुसऱ्याची पहिली एकमेकींना चिकटवलेली. तिथून पुढे सगळं विस्कटलेलं. यादीतला कालावधीचा रकाना इथे कामाला येतो. शेवटची क्लिप १२:३८:०५ ला सुरू, लांबी २७ मिनिटं २० सेकंद, म्हणजे संपली १३:०५:२५ ला. पुढची सुरू १३:०७:१३ ला. मधलं १ मिनिट ४८ सेकंद पहिल्या कॅमेऱ्यात नाहीच. तेवढी जागा मोकळी सोडली, वर दुसऱ्या कॅमेऱ्याचं चित्र टाकलं, संपलं.

वाढत जाणारा फरक मोबाईलचा. सुरुवातीला आजीचे ओठ आणि आवाज पक्के, शेवटी अकरा फ्रेमचं अंतर, जवळजवळ अर्धा सेकंद. पोराने लगेच सुचवलं, आवाज थोडा ताणून बसवू. हा उपाय लोक सर्रास करतात, आणि करायच्या आधी कुणी तपासत नाही की पळतंय कोण, आवाज की चित्र.

वहिनींनी मोबाईलचा आवाज पहिल्या कॅमेऱ्याच्या आवाजाशी लावून बघितला. 'सावधान' सुरुवातीला जुळलं, शेवटाकडे वाजंत्रीचा दणकाही जुळला. म्हणजे आवाज ठीक आहे, तो ताणला असता तर आजीचा सूरही बिघडला असता आणि आवाज कॅमेऱ्यांपासून सुटला असता. दोष मोबाईलच्या चित्रात. मीडियाइन्फोमध्ये फाइल उघडली तर `Frame rate mode : Variable`. मोबाईल उजेड कमी झाला किंवा तापला की सेकंदाला कमी फ्रेम घेतो, पुन्हा वाढवतो. प्रत्येक फ्रेमची खरी वेळ फाइलीत लिहिलेली असते. ती न वाचता एकसारखा वेग धरला की चित्र हळूहळू आवाजापासून सरकतं. टाइमलाइनवर घेण्याआधीच फ्रेम एकसारख्या करून घ्यायच्या:

```
ffmpeg -i VID_20250514_123850.mp4 -vf fps=25 -c:v libx264 -crf 17 -c:a pcm_s16le -ar 48000 aaji_25.mov
```

यात चित्राच्या काही फ्रेम गळतात, बाजूला चालणारी माणसं किंचित अडखळल्यासारखी दिसतात. आजी एका जागी बसलेली होती, तिच्यात काही जाणवलं नाही. नवी फाइल लावली, शेवटपर्यंत ओठ जागेवर. मग आजीच्या मंगलाष्टकापुरता मोबाईलचा आवाज वर, कॅमेऱ्यांचा खाली, आणि चित्र तिन्हींतून निवडून. पोरगा पहिल्यांदा गप्प बसून ऐकत होता.

दोन कॅमेरेही तासाभरात एकमेकांपासून एखाद-दोन फ्रेम सरकतात, घड्याळं वेगळी असल्यामुळे. त्यासाठी काही करायचं नाही. प्रत्येक नव्या क्लिपला पुन्हा फ्लॅशवर बसवलं की तेवढ्यापुरतं मिटतं.

पहाटे पावणेचारला दोन तास चाळीस मिनिटांचं लग्न सलग बघता येत होतं. रंग दोन कॅमेऱ्यांचे वेगळे होते, स्टेजवरचा पिवळट. वहिनींनी ते तसंच ठेवलं. रात्रीत रंगाला हात लावला की क्रम तपासायला वेळ उरत नाही, आणि पिवळट लग्न पार्टी खपवून घेते, उलटं लग्न नाही.

रेंडर करताना एक शेवटची अडचण असते, ती दर पेनड्राइव्हला येते. टीव्हीवर खात्रीने चालावा म्हणून पेनड्राइव्ह एफएटी३२ ठेवायचा, तर त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. आठ मेगाबिटला तासाचा व्हिडिओ साधारण ३.६ जीबी होतो. म्हणून एका फाइलीऐवजी तीन भाग केले, प्रत्येक भाग एक तासाच्या आत, आणि तुकडा पडला तो विधींच्या मध्ये नाही तर जेवणाच्या पंगतीवर आणि वरात निघण्याआधी. सात वाजता पेनड्राइव्ह स्टुडिओच्या टीव्हीला लावून तिन्ही भाग पुढे-मागे करून बघितले. पोरगा आठला निघाला.

जाताना त्याने विचारलं, कॅमेऱ्याच्या घड्याळाचं काय करू. त्याला सांगितलं ते इथेही लिहितो. आतली छोटी बॅटरी मोठ्या बॅटरीवरच चार्ज होते. भरलेली बॅटरी घालून, कॅमेरा बंद करून चोवीस तास तसाच ठेवायचा. मग तारीख लावायची, बॅटरी काढून पाच मिनिटांनी परत घालायची. तारीख टिकली तर ती नुसती उतरली होती. टिकली नाही तर ती मेली आहे, कॅमेरा सर्व्हिस सेंटरला द्यावा लागेल. तोपर्यंत लग्नाची ऑर्डर असेल तर दर बॅटरीनंतर पहिली क्लिप पाच सेकंदांची काढायची: मोबाईलवर सेकंदकाट्याचं घड्याळ उघडून ते कॅमेऱ्यासमोर धरायचं. मिक्सिंगवाल्याला त्या तुकड्याचा फरक त्या एका क्लिपवरून मिळतो. आणि कार्डं कॉपी करताना आतल्या फाइली उचलायच्या नाहीत. अख्खं कार्ड, सगळ्या फोल्डरसकट, कॅमेऱ्याच्या आणि कार्डाच्या नावाने वेगळ्या फोल्डरमध्ये टाकायचं: `A_card1`, `A_card2`, `B_card1`.